गव्हाला वेगळे करा, मुलीला नाही

आपल्या वस्तीतल्या एका घरात अकरा वर्षांची मुलगी आहे. दोन वर्षे तिला रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या, तरी हिमोग्लोबिन आठच्या वर जात नव्हते. वर्गातल्या मुलींपेक्षा ती बोटभर नव्हे, चांगली वीतभर बुटकी राहिली. पोट फुगायचे, तोंड यायचे. शेवटी मोठ्या दवाखान्यात रक्ताची एक वेगळी तपासणी झाली, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि आजाराचे नाव कळले : सिलियॅक.

डॉक्टरांनी सांगितले, गहू कायमचा बंद. सोबत एक छापील कागद दिला. त्यात लिहिले होते, ‘रुग्णाची सर्व भांडी वेगळी ठेवावीत.’ घरी येऊन आईने तो कागद वाचून दाखवला, तेव्हा आजी ताडकन उठली. म्हणाली, “माझ्या नातीचं ताट वेगळं? या घरात? आमच्या आईबापानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायलं, ते पुरे झालं. माझ्या घरात कुणाचं ताट वेगळं होणार नाही.”

आजीचा राग आम्हाला चुकीचा वाटत नाही. आपल्या घरांत ‘वेगळे भांडे’ हे शब्द साधे नाहीत. पण त्या रागापायी घरात काहीच बदलले नाही. मुलीची पोळी बंद झाली, भाकरी सुरू झाली, आणि बाकी स्वयंपाक पूर्वीसारखाच चालू राहिला. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. या आजाराची खूण दाखवणारा आकडा आधी मर्यादेच्या दहा पट होता, तो सहा पटीवर आला होता. हिमोग्लोबिन जेमतेम साडेआठ. डॉक्टर म्हणाले, “गहू कुठून तरी पोटात जातोय.” आई रडकुंडीला आली. “साहेब, शपथेवर सांगते, ती गव्हाला शिवत नाही.”

आई खरे बोलत होती. मुलगी गव्हाला शिवत नव्हती, पण गहू तिच्या ताटाला शिवत होता. आमचे म्हणणे एवढेच आहे की या आजारात वेगळे करायचे ते गव्हाला, माणसाला नाही. आणि ते दहा बाय बाराच्या खोलीतही जमते, कारण सगळी भांडी वेगळी करावी लागत नाहीत. कोणती करायची आणि कोणती नुसती धुवायची, एवढे नीट कळावे लागते.

आधी आजार समजून घेऊ. गहू आणि जव (सातू) यांत ग्लुटेन नावाचा चिकट भाग असतो. त्याच्यामुळेच कणकेला ताण येतो आणि पोळी लाटता येते. सिलियॅक असलेल्याच्या आतड्यात ग्लुटेन गेले की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातले लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे तीच शोषून घेते. हल्ल्याने ती लव झडते. मग गोळ्या कितीही द्या, लोह रक्तात पोहोचतच नाही. हा आजार कुणाकडून कुणाला लागत नाही. त्या मुलीच्या उष्ट्याने कुणाला काही होत नाही. धोका एकाच दिशेने जातो, आपल्या पिठाकडून तिच्याकडे.

‘एवढ्याशा पिठाने काय होतंय’ असे पुष्कळ जण म्हणतात. इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिलियॅकच्या रुग्णांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले, तेवढ्यानेही आतड्याची लव बिघडू लागली. एक ग्रॅम कणकेत साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे ५० मिलिग्रॅम ग्लुटेन अर्ध्या ग्रॅम पिठात, चिमटीत मावणाऱ्या पिठात असते. रोज १० मिलिग्रॅमच्या आत राहिले तर बहुतेक रुग्णांचे आतडे सांभाळले जाते, असे डॉक्टर धरून चालतात. चिमटीचा पाचवा हिस्सा! आपल्या ओट्यावर, पोळपटाच्या कडेला आणि फडक्याच्या घडीत याहून जास्त पीठ रोज पडलेले असते. आणि भाजल्याने, तळल्याने ग्लुटेन मरत नाही. ते जंतू नाही.

दवाखान्यातून आल्यावर आईने आम्हाला बोलावले. आम्ही एक सकाळ त्या घरात बसलो आणि फक्त पीठ कुठे कुठे जाते ते पाहिले. चार वाटा सापडल्या.

पहिली वाट घराच्या बाहेरच होती, ती म्हणजे गिरणी. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून गिरणीत जात होती. पण तिच्या आधी त्याच जात्यावर कुणाचा तरी गहू दळलेला असायचा. जात्यात, पन्हाळीत आणि कापडी नळीत गव्हाचे पीठ अडकून राहते आणि मागून येणाऱ्या ज्वारीत उतरते. समजा, पाच किलो ज्वारीत फक्त १० ग्रॅम गव्हाचे पीठ मिसळले, म्हणजे दोनतीन चहाचे चमचे. त्यात ८०० मिलिग्रॅम ग्लुटेन आले. मुलीने दिवसाला पाव किलो पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर तिच्या पोटात रोज ४० मिलिग्रॅम गेले. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्या देशातला नियम आहे. आपल्या उदाहरणातल्या ज्वारीत ते किलोमागे १६० निघाले. भाकरी ज्वारीचीच होती, पण निर्धोक नव्हती.

दुसरी वाट म्हणजे हवेत उडणारे पीठ. आई सकाळी कणीक चाळायची. चाळणीखाली पांढरा धूर उठतो, तो आपल्याला दिसेनासा झाला तरी बराच वेळ हवेत तरंगतो आणि मग सावकाश खाली बसतो. बाजूलाच मुलीची भाजी उघड्या कढईत आणि तिच्या भाकरीचे पीठ उघड्या परातीत होते. वर पंखा चालू. आम्ही खिडकीवर चादर टाकून खोलीत अंधार केला आणि मोबाईलची बॅटरी फळीच्या कडेने तिरकी धरली. उजेडाच्या पट्ट्यात पिठाचे कण नाचताना दिसले आणि फळीवरच्या पालथ्या ताटांवर पातळ थर दिसला. आजी बघत राहिली. “एवढं पीठ रोज आपण खातो होय?” ती म्हणाली. ही परीक्षा कुणीही घरी करून पाहावी. अंधार आणि एक बॅटरी एवढेच लागते. नाकावाटे गेलेले पीठही घशात उतरते आणि गिळले जाते, म्हणून चाळताना मुलीने जवळ बसू नये.

तिसरी वाट होती एकत्र वापरल्या जाणाऱ्या वस्तू. इथेच तो छापील कागद लोकांना उगाच घाबरवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्टीलचे ताट, वाटी, पेला, चमचा, पातेले, कुकर यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. साबणाने घासून वाहत्या पाण्यात किंवा स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या बादलीत खळबळून घेतले की पीठ निघून जाते. ती वेगळी करायची गरज नाही. आजीचे म्हणणे इथे बरोबरच ठरले. मुलीचे ताट वेगळे झाले नाही.

पण काही वस्तू कितीही धुतल्या तरी पीठ सोडत नाहीत. लाकडी पोळपाट, लाटणे आणि काठवट यांच्या रेघांत कणीक वाळून बसते. चाळणीच्या जाळीत पीठ अडकते. पोळीच्या लोखंडी तव्यावर जळक्या पिठाचा थर असतो. पोळ्या गुंडाळायचे फडके आणि भांडी घासायची घासणी यांत तर कणीक मुरलेलीच असते. त्या घरात भाकरी पोळीच्याच तव्यावर भाजली जायची, त्याच फडक्यात ठेवली जायची आणि मुलीचे ताट कणकेच्या परातीनंतर त्याच घासणीने घासले जायचे. म्हणजे ताट धुतले जात नव्हते, त्यावर पातळ कणीक फिरवली जात होती.

म्हणून आईने चारच नव्या वस्तू आणल्या : एक तवा, एक चाळणी, दोन सुती फडकी आणि एक घासणी. भाकरी थापायला पोळपाट-लाटणे लागत नाही, स्टीलची परात पुरते. या वस्तूंना लाल दोरा बांधला आणि त्या वरच्या खुंटीला अडकवल्या. त्यांना ‘मुलीच्या वस्तू’ म्हणायचे नाही, ‘भाकरीच्या वस्तू’ म्हणायचे, हे आजीने ठरवले. आम्हाला ते फार पटले. भाकरी घरातले सगळेच खातात. तव्याचे नाव धान्यावरून पडले, माणसावरून नाही.

टोस्टरचे काय, असे अनेक जणी विचारतात. त्या घरातही मामाने दिलेला सँडविचचा टोस्टर होता. मुलीसाठी कधीमधी शहरातून ग्लुटेनमुक्त ब्रेड यायचा, तो त्यातच भाजला जायचा. अमेरिकेत वॉशिंग्टनमधल्या मुलांच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२० साली एक लहान प्रयोग प्रसिद्ध केला. साधा ब्रेड भाजलेल्या उभ्या टोस्टरमध्येच त्यांनी ग्लुटेनमुक्त ब्रेड भाजला, आणि त्यात ग्लुटेन २० च्या मर्यादेखालीच निघाले. पण गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यातच दुसरा ग्लुटेनमुक्त पास्ता शिजवला, तेव्हा ते मर्यादेच्या वर गेले. प्रयोग लहान होता, त्यावरून टोस्टरला पूर्ण माफी देता येणार नाही. शिवाय आपल्याकडचा सँडविच टोस्टर वेगळा असतो. त्यात ब्रेड दोन पाट्यांत दाबला जातो, लोणी लावलेले असते, खाचांत जुना चुरा चिकटलेला असतो आणि वीज असल्यामुळे तो पाण्याखाली धरून धुता येत नाही. तो वाटून वापरू नये. मुलीचा ब्रेड भाकरीच्या तव्यावर भाजावा, एवढे सोपे आहे. पोळी फुगवायची तारेची जाळी आणि पापड भाजायची जाळीही एकच नको.

त्या प्रयोगातून आपण दुसरीच गोष्ट शिकावी. घरात सगळ्यांची भीती टोस्टरवर आणि ताटावर असते, आणि खरा धोका ओल्या वस्तूंत लपलेला असतो. शेवया उकळलेले पाणी. गव्हाच्या कुरडया आणि पुऱ्या तळलेले तेल, ज्यात नंतर तांदळाचे पापड तळले जातात. तेल दिसायला स्वच्छ असते, पण कुरडईचे तुकडे आणि पुरीचे पीठ तळाशी असते. म्हणून आधी पापड तळावेत, मग कुरडया. उरलेले तेल बाकीच्यांच्या फोडणीला वापरावे, मुलीच्या नाही.

चौथी वाट वाढताना सापडली. भाजीचे पातेले मध्ये, सगळे भोवती. मोठ्या भावाने पोळीचा घास थेट पातेल्यातल्या रश्श्यात बुडवला. वडिलांच्या ताटातल्या पोळीला टेकलेला डाव परत पातेल्यात गेला. मग त्याच डावाने मुलीला वाढले. चहात पाव बुडवून त्याच पातेलीतून तिला चहा दिला गेला. ही वाट बंद करायला एक पैसा लागला नाही. भाकरी आणि भाजी तयार झाली की सगळ्यांच्या आधी मुलीचे ताट वाढायचे. तिला पुन्हा लागेल तेवढी भाजी एका वाटीत काढून झाकून ठेवायची. मग बाकीच्यांनी हवे तसे जेवावे. सगळे एकाच वेळी, एकाच पंगतीत. ज्यांना सगळ्यांत शेवटी आणि लांबून वाढले जायचे त्यांच्या घरात एका लेकीला सगळ्यांच्या आधी वाढायचे आहे. याला कुणी शिवाशिव म्हणणार असेल तर म्हणो बापडे.

पिठाच्या बाबतीत त्या घराने वेळ वाटून घेतली, कारण जागा वाटून घेता येत नव्हती. सकाळी ओटा ओल्या फडक्याने पुसायचा. कोरडे फडके किंवा केरसुणी नको, त्याने पीठ पुन्हा उडते. आधी भाकरी आणि भाजी करायची, झाकायची, वरच्या फळीवर ठेवायची. मग पोळ्या. कणीक चाळायचीच असेल तर पंखा बंद करून, दाराबाहेर. कणकेचा डबा सगळ्यांत खालच्या फळीवर आणि ज्वारी-तांदळाचे डबे वर, म्हणजे सांडलेली कणीक त्यांच्यावर पडणार नाही. कणीक मळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय मुलीच्या अन्नाला लावायचे नाहीत, पदराला पुसून चालत नाही.

गिरणीचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. फक्त ज्वारी-तांदूळ दळणारी गिरणी जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर सकाळी गिरणी झाडून झाल्यावर पहिला नंबर लावावा, आणि आपलीच एकदोन किलो ज्वारी आधी दळून ते पीठ बाकीच्यांसाठी बाजूला काढावे. त्यानंतर उतरेल ते मुलीचे. याने गहू कमी होतो, पुरता जात नाही. म्हणून त्या आईने रोजची भाकरी दिवसाआड केली आणि मधल्या दिवसांत तांदळाकडे वळली. रेशनचा तांदूळ निवडून, तीनदा धुऊन, उडदाच्या डाळीसोबत भिजवून घरच्या मिक्सरमध्ये वाटायचा. इडली, डोसा, घावन, भात. यात गिरणी येतच नाही. हाताशी पैसे असले आणि अशी दोनतीन घरे जवळ असली तर मिळून एक लहान घरगुती चक्की घ्यावी आणि तिच्यात गव्हाचा दाणाही पडू देऊ नये.

आणखी तीन वस्तू आम्हाला फळीवर दिसल्या, ज्यांत गहू असतो हे कुणाच्या ध्यानातही नव्हते. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू पडतो. हिंगाच्या पाकिटामागचे घटक वाचावेत. गहू असेल किंवा काही लिहिलेले नसेल तर मुलीच्या भाजीला लसूण-जिऱ्याची फोडणी पुरे.

हे सगळे सुरू करून आठ महिने झाले. मुलीच्या रक्तातला खुणेचा आकडा आता मर्यादेच्या थोडाच वर आहे आणि त्याच लोहाच्या गोळ्यांवर हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेले आहे. गोळी बदललेली नाही, गोळीतले लोह शोषायला आतडे तयार झाले.

दोन गोष्टी मात्र निक्षून सांगायला हव्यात. हा आकडा सावकाश उतरतो, कधी वर्षाहून जास्त लागते. आणि तो मर्यादेत आला म्हणजे घरात पीठ उडत नाही असा दाखला मिळत नाही, कारण अधूनमधून पोटात जाणारे थोडे ग्लुटेन ही तपासणी नेहमी पकडत नाही. पोटाच्या दुखण्यावरही विसंबू नये. काहींना चिमूटभर पिठाने जुलाब होतात, काहींना काहीच जाणवत नाही आणि आतून नुकसान चालू राहते. म्हणून मुलांची उंची, वजन आणि हिमोग्लोबिन यांवर लक्ष ठेवावे. स्वयंपाकघर खरोखर सांभाळूनही वर्षभरात फरक पडला नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे, दुसरे कारण असू शकते.

दुसरी गोष्ट, हे वाचून कुणी आपल्या मनाने मुलाचा गहू बंद करू नये. आधी रक्ततपासणी व्हायला हवी आणि ती गहू खात असतानाच करावी लागते. गहू आधीच सोडला तर तपासणीत आजार लपतो आणि मग खरे काय ते कळायला फार त्रास पडतो. ज्या मुलांचे रक्त गोळ्यांनीही वाढत नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा.

परवा आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. पंगत बसायची होती. लाल दोऱ्याचा तवा खुंटीवर परत लटकला होता. नात ताट घेऊन बसली होती, आणि आजी डाव हातात घेऊन थोरल्या नातवाला दटावत होती, “थांब रे, हात मागं घे. आधी हिला वाढू दे.”